दीडशे मिलीव्होल्ट गेले कुठे: माझी पहिली सीव्ही

एमएस्सीच्या शेवटच्या सेमला प्रोजेक्टमध्ये मला सायक्लिक व्होल्टामेट्री करायची होती, म्हणजे इलेक्ट्रोडचं पोटेन्शियल एका टोकापर्यंत नेऊन परत आणायचं आणि त्या वेळात करंट मोजायचा, सगळे तिला सीव्हीच म्हणतात. सर म्हणाले तुझ्या सॅम्पलला लगेच हात लावू नकोस, आधी फेरीसायनाईडची सीव्ही काढून दाखव, ती नीट आली की मग पुढचं. मला वाटलं एका दुपारचं काम आहे. नऊ दिवस लागले, आणि त्या नऊ दिवसांत जे कळलं ते थिअरीच्या नोट्समध्ये कुठेच नव्हतं, म्हणून हे सगळं लिहून ठेवतेय.

सोल्युशन बनवणं सोपं होतं. पोटॅशियम फेरीसायनाईड ३२.९ मिलिग्रॅम आणि केसीएल ०.७४६ ग्रॅम, दोन्ही १०० मिलीलिटरच्या फ्लास्कमध्ये डिस्टिल्ड वॉटरने मार्कपर्यंत भरायचं, झालं १ मिलिमोलर फेरीसायनाईड ०.१ मोलर केसीएलमध्ये. रंग अगदी फिकट पिवळा, पाणी जास्त झालेल्या लिंबू सरबतासारखा. उजेडात ते हळूहळू खराब होतं म्हणून फ्लास्कला ॲल्युमिनियम फॉइल गुंडाळून ठेवली. लॅबमध्ये एक पीएचडीवाली ताई आहे, तिने पहिल्याच दिवशी बजावलं की याचा वेस्ट ॲसिडच्या बाटलीत कधीच ओतायचा नाही, सायनाईड लोखंडाला घट्ट धरून असतं म्हणून एरवी काही होत नाही पण स्ट्राँग ॲसिड पडलं तर हायड्रोजन सायनाईड सुटू शकतो. वेगळी बाटली, वेगळं लेबल.

मग सेल. छोटं काचेचं भांडं, वर टेफ्लॉनचं झाकण, झाकणाला भोकं आणि त्यातून तीन इलेक्ट्रोड आत. तीन कशाला, बॅटरीला तर दोनच पुरतात, हा प्रश्न मला खरंच पडलेला आणि विचारायची लाज वाटत होती. पण तो विचारला तेव्हाच पुढचं सगळं समजायला लागलं. ताईने असं सांगितलं: आपल्याला एका इलेक्ट्रोडचं पोटेन्शियल अगदी नेमकं ठेवायचंय, आणि त्याच इलेक्ट्रोडमधून करंट पण जाऊ द्यायचाय. पोटेन्शियल कशाच्या तरी तुलनेतच मोजता येतं, म्हणून दुसरा इलेक्ट्रोड लागतो. पण त्या दुसऱ्यातूनच करंट नेला तर त्याचं स्वतःचं पोटेन्शियल हलतं, म्हणजे ज्या फूटपट्टीने मोजतोय तीच ताणली जाते. म्हणून कामं वाटून टाकायची. वर्किंग इलेक्ट्रोडवर आपली रिॲक्शन, रेफरन्सच्या तुलनेत पोटेन्शियल मोजायचं आणि त्यातून जवळजवळ काहीच करंट जाऊ द्यायचा नाही, आणि करंटचा सगळा भार तिसऱ्याने, काउंटरने उचलायचा. हे सगळं चालवणारं मशीन म्हणजे पोटेन्शिओस्टॅट, तो सतत हेच बघत असतो, वर्किंग आणि रेफरन्समधला फरक आपण मागितला तेवढा राहतोय ना, नसेल तर काउंटरला जास्त-कमी ढकलतो.

माझा वर्किंग ग्लासी कार्बनचा, ३ मिलीमीटर व्यासाची काळी टिकली, भोवती पांढरं टेफ्लॉन. काउंटर प्लॅटिनमची तार. रेफरन्स सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराईड, आत ३ मोलर केसीएल आणि टोकाला सच्छिद्र फ्रिट. रेफरन्सचं टोक वर्किंगच्या शक्य तितकं जवळ ठेवलं, पण अगदी चिकटवलं नाही, चिकटलं तर सोल्युशनच्या वाटेत तेच आडवं येतं.

पहिल्याच रनला एक चूक झाली. ऑक्सिजन घालवायला दहा मिनिटं नायट्रोजन सोडला होता, आणि नळी सोल्युशनमध्ये तशीच बुडबुडे सोडत ठेवून स्कॅन सुरू केला. स्क्रीनवर जे आलं त्याला पीकच नव्हता, करंट चढला आणि वरच राहिला, थरथरत. मला वाटलं मशीन बिघडलं. पण त्यातूनच पीक का येतो ते कळलं. इलेक्ट्रोडला लागून असलेलं फेरीसायनाईड वापरलं जातं, मग लांबचं यायला हवं, आणि स्थिर पाण्यात ते फक्त डिफ्युजनने, म्हणजे आपोआप पसरत पसरत येतं. पोटेन्शियल पुढे सरकतं तसा आधी करंट वाढतो कारण रिॲक्शनला जोर मिळतो, पण तेवढ्यात जवळचा साठा संपत येतो, रिकामा थर जाड होत जातो, लांबून यायला वेळ लागतो, आणि करंट उतरायला लागतो. हा चढ आणि उतार जिथे भेटतात तो पीक. बुडबुडे चालू असले की ताजं सोल्युशन सारखं येतच राहतं, साठा संपतच नाही, मग उतार कुठून येणार. त्यामुळे स्कॅनच्या आधी नळी वर उचलून सोल्युशनच्या वर गॅस वाहू द्यायचा, अर्धा मिनिट सगळं शांत होऊ द्यायचं, टेबलाला धक्का लावायचा नाही, मगच रन.

तसं केलं. +०.६ व्होल्टपासून सुरुवात, कारण तिथे फेरीसायनाईड नुसतं बसून राहतं, काही होत नाही. तिथून खाली -०.१ पर्यंत, मग परत +०.६. स्कॅन रेट १०० मिलीव्होल्ट प्रति सेकंद, म्हणजे जायला सात सेकंद यायला सात. जाताना फेरी एक इलेक्ट्रॉन घेऊन फेरो होतं, येताना तेच फेरो इलेक्ट्रॉन परत देतं. चौदा सेकंदात ते बदकासारखं चित्र स्क्रीनवर उमटलं आणि मी एवढी खूश झाले की फोटो काढून रूममेटला पाठवला.

सरांनी फोटो नाही, आकडे मागितले. जातानाचा पीक ०.१२५ व्होल्टला, येतानाचा ०.३३५ ला. फरक २१० मिलीव्होल्ट. सर म्हणाले, "एका इलेक्ट्रॉनच्या रिव्हर्सिबल कपलला ५९ यायला पाहिजे. उरलेले दीडशे मिलीव्होल्ट गेले कुठे ते शोध." आणि निघून गेले.

आधी ५९ चं सांगते, कारण माझा गोंधळ तिथूनच होता. मला वाटायचं आदर्श परिस्थितीत दोन्ही पीक एकाच जागी यायला हवेत, तीच रिॲक्शन उलटसुलट होतेय ना. पण पीक म्हणजे साठा संपायला लागण्याची खूण आहे, आणि ती खूण फेरी-फेरोच्या जोडीचं, म्हणजे कपलचं फॉर्मल पोटेन्शियल, जिथे दोघं सारख्या तोलात असतात, ते ओलांडून साधारण २८-२९ मिलीव्होल्ट पुढे गेल्यावर येते. जाताना तेवढं खाली, येताना तेवढं वर, म्हणून दोघांत २५ अंश सेल्सियसला ५७ ते ५९ चं अंतर पडतंच. इलेक्ट्रॉनची देवाणघेवाण कितीही वेगवान असली तरी हे राहणार. दोन इलेक्ट्रॉन एकदम जात असतील तर याच्या निम्मं. प्रत्यक्षात चांगल्या इलेक्ट्रोडवर फेरीसायनाईडला ६५ ते ८० आलं की लोक समाधानी असतात. २१० ला कुणी समाधानी नसतं.

आणि एक गोष्ट तेव्हाच लक्षात यायला हवी होती ती नंतर आली: दोन्ही पीकची सरासरी ०.२३०. ही सरासरी म्हणजे त्या कपलचं फॉर्मल पोटेन्शियल, जवळपास. ते बरोबरच होतं! दोन्ही पीक मधल्या जागेपासून सारखेच लांब ढकलले गेले होते. म्हणजे फूटपट्टी ठीक होती, गडबड दुसरीकडे.

दीडशे मिलीव्होल्टसाठी माझ्याकडे दोन संशयित उरले. एक, सोल्युशनचा रेझिस्टन्स. वर्किंग आणि रेफरन्सच्या मधल्या सोल्युशनमधून करंट जाताना थोडं पोटेन्शियल वाटेतच खर्च होतं, त्यामुळे इलेक्ट्रोडला आपण समजतो त्यापेक्षा कमी पोहोचतं आणि पीक उशिरा येतो. दोन, इलेक्ट्रॉनच हळू जातोय, म्हणजे पृष्ठभाग खराब.

मी आधी स्कॅन रेट बदलून बघितला. १० ला फरक १२८, १०० ला २१०, २०० ला २४३. वाढतोय म्हणजे इलेक्ट्रॉन हळू आहे, असा निष्कर्ष वहीत लिहूनही टाकला. ताईने वही बघितली आणि म्हणाली, "अगं, स्कॅन रेट वाढवला की करंट पण वाढतो ना, आणि करंट वाढला की रेझिस्टन्समुळे होणारा तोटा पण वाढतो. म्हणजे दोन्ही संशयित याच्यात सारखेच दिसतात. यातून तू कुणालाच पकडलं नाहीस." हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण मी पुढे ज्यांना ज्यांना विचारलं त्यातल्या निम्म्यांनी हीच टेस्ट पुरेशी आहे असं सांगितलं. पुरेशी नाहीये. ५९ च राहत असेल तर रिव्हर्सिबल, एवढं ती नक्की सांगते, पण वाढत असेल तर का, ते सांगत नाही.

खरी टेस्ट कॉन्सन्ट्रेशनची. स्कॅन रेट तोच १०० ठेवायचा, इलेक्ट्रोडला हात लावायचा नाही, फक्त फेरीसायनाईड निम्मं करायचं, ०.१ मोलर केसीएल तसंच. करंट निम्मा होईल. दोष रेझिस्टन्सचा असेल तर तोटा पण निम्मा होणार, म्हणजे दीडशेचे पंच्याहत्तर. पण इलेक्ट्रॉन किती चपळ आहे याचा कॉन्सन्ट्रेशनशी संबंध नाही, तो दोष असेल तर फरक तेवढाच राहणार. मी केलं. करंट अगदी निम्मा, आणि दोन पीकमधला फरक २०६. चार मिलीव्होल्टने काय होतंय. रेझिस्टन्स सुटला.

नंतर कागदावर हिशोब करून बघितला तर ही टेस्ट न करताही कळलं असतं. ०.१ मोलर केसीएलची कंडक्टिव्हिटी २५ अंशाला साधारण १२.९ मिलिसिमेन्स प्रति सेंटीमीटर. छोट्या चकतीसमोरच्या सोल्युशनचा रेझिस्टन्स काढायचं सूत्र साधं आहे, एक भागिले चार गुणिले कंडक्टिव्हिटी गुणिले त्रिज्या. त्रिज्या ०.१५ सेंटीमीटर. येतात सुमारे १३० ओहम, तेही रेफरन्स खूप लांब ठेवला तर. माझा करंट पंधरा-सतरा मायक्रोॲम्पियर. गुणाकार केला तर दोन मिलीव्होल्टच्या आसपास. दीडशे कुठे आणि दोन कुठे. पण यातच केसीएलचं महत्त्वही दिसलं, तेच जर शंभरपट कमी टाकलं असतं तर हा रेझिस्टन्स कितीतरी पटींनी वाढला असता आणि वाटेतला तोटाही तेवढ्याच पटींनी. केसीएल रिॲक्शनमध्ये भाग घेत नाही म्हणून त्याच्या वजनाला कमी लेखायचं नाही.

उरला पृष्ठभाग. त्या इलेक्ट्रोडची नोंद लॅबच्या रजिस्टरमध्ये बघितली तर आधी कुणीतरी त्यावर नॅफिऑन नावाच्या पॉलिमरमध्ये मिसळून पावडर लावली होती आणि नुसतं पाण्याने धुऊन डब्यात ठेवला होता. नॅफिऑनवर निगेटिव्ह चार्ज, फेरीसायनाईड आयन पण निगेटिव्ह, तीन चार्जचा. त्याची पातळ फिल्म जरी शिल्लक असेल तरी हा आयन जवळ यायला बघणारच नाही. डोळ्यांना टिकली स्वच्छच दिसत होती. ट्यूबलाइटखाली तिरकी धरली तेव्हा कडेला इंद्रधनुष्यासारखी हलकी झाक दिसली, पाण्यावर तेल पडल्यावर दिसते तशी.

पॉलिशिंग. ॲल्युमिना पावडर, आधी १ मायक्रॉन, मग ०.३, मग ०.०५, प्रत्येकाचा पॅड वेगळा, कारण मोठा कण बारीकवाल्या पॅडवर गेला की बारीकचा काही उपयोग नाही. पॅडवर थोडी पावडर, थोडं पाणी, पातळ पेस्ट, आणि इलेक्ट्रोड उभा धरून इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फिरवायचा म्हणजे सगळ्या बाजू सारख्या घासल्या जातात. मी प्रत्येक पॅडवर दोन मिनिटं केलं, धुतलं, रन घेतला: ११०. सुधारलं, पण अर्धवट. परत केलं, ११५. तेव्हा ताई शेजारी येऊन उभी राहिली, काही बोलली नाही, माझं मनगट धरलं आणि सरळ केलं. मी इलेक्ट्रोड जरासा तिरका धरत होते, पेन धरल्यासारखा, त्यामुळे एकच कड घासली जात होती आणि दुसऱ्या बाजूला फिल्म तशीच. आणि दुसरी गोष्ट, ॲल्युमिनाचे बारीक कण धुऊन जात नाहीत, ते कार्बनला चिकटून बसतात. म्हणून नंतर बीकरमध्ये डिस्टिल्ड वॉटर घेऊन इलेक्ट्रोडचं टोक दोन मिनिटं सोनिकेटरमध्ये, पाणी बदलून अजून एकदा. मग टिशूने पुसायचं नाही, बोट तर अजिबात नाही, थेंब झटकून लगेच सेलमध्ये.

रन घेतला. जातानाचा पीक ०.१९२, येतानाचा ०.२६४. फरक ७२! सरासरी ०.२२८. मी स्क्रीनकडे बघत बसले होते, कर्सर परत परत त्याच जागी नेत होते.

बरं, कर्सरवरून आठवलं. पीकची जागा वाचताना सॉफ्टवेअरमध्ये स्टेप पोटेन्शियल किती आहे ते बघा. आमच्या मशीनवर कुणीतरी ते १० मिलीव्होल्ट करून ठेवलं होतं, म्हणजे पॉइंटच दहा-दहाच्या अंतरावर. अशाने ६५ आणि ७२ मधला फरक कसा दिसणार. मी १ मिलीव्होल्ट केलं. आणि पीकचा माथा गोलसर असतो, नुसत्या नजरेने टोक धरलं तर पाच-सहा मिलीव्होल्ट इकडेतिकडे सहज होतात, म्हणून डेटा शीटमध्ये घेऊन जास्तीत जास्त करंटची ओळ शोधायची.

पीकची उंची वाचताना मात्र याहून मोठी चूक होते, आणि ती मी केली. जातानाचा पीक बेसलाइनपासून मोजला, १६.१ मायक्रोॲम्पियर. येतानाचा शून्य करंटच्या रेषेपासून मोजला, आला साधारण दहा. गुणोत्तर ०.६, म्हणजे तयार झालेलं फेरो कुठेतरी नष्ट होतंय असा अर्थ निघत होता. पण फेरो तर पाण्यात आरामात टिकतं. चूक मोजण्यात होती. परतीच्या प्रवासात पीक सुरू होतो तेव्हा जातानाची रिॲक्शन अजून थांबलेली नसते, तिचा उतरता करंट खाली चालूच असतो, आणि येतानाचा पीक त्या उतारावर उभा असतो, शून्यावर नाही. टेकडीच्या उतारावर उभ्या माणसाची उंची समुद्रसपाटीपासून मोजत नाही ना आपण, तसंच. तो उतार पुढे वाढवून, तिथपासून मोजलं तर १५.८ आलं. गुणोत्तर ०.९८. वाढवायचा कसा, तर स्कॅन उलटवायच्या ऐवजी पोटेन्शियल शेवटी थांबवून करंट वेळेबरोबर कसा उतरतो ते नोंदवायचं आणि तोच आलेख घडी घालून खाली ठेवायचा. थोडं जास्त काम आहे, पण अंदाजाने रेषा ओढण्यापेक्षा बरं.

आता स्कॅन रेट. इलेक्ट्रोड स्वच्छ झाल्यावर सरांनी पाच स्पीड घ्यायला सांगितले. प्रत्येक रनच्या आधी सोल्युशन हलकं ढवळलं, अर्धा मिनिट थांबले, आणि फक्त पहिली सायकल घेतली, कारण दुसऱ्या सायकलला इलेक्ट्रोडजवळचा साठा पहिल्यासारखा भरलेला नसतो आणि पीक थोडा बुटका येतो. १० ला ५.२ मायक्रोॲम्पियर, २५ ला ८.१, ५० ला ११.५, १०० ला १६.१, २०० ला २२.६. बघा, स्पीड वीसपट झाला तर करंट साडेचारपटही नाही, वर्गमुळाच्या हिशोबाने. कारण तोच, रिकामा थर. हळू स्कॅन केला की थराला जाड व्हायला वेळ मिळतो, साठा लांब जातो, करंट कमी. पटकन स्कॅन केला की थर पातळ असतानाच पीक येऊन जातो, साठा जवळच असतो, करंट जास्त. १०० च्या स्पीडला पीक येईपर्यंत हा थर तीस-चाळीस मायक्रोमीटरचाच असतो, केसाच्या जाडीच्या आसपास. थराची जाडी वेळेच्या वर्गमुळाने वाढते म्हणून करंटमध्ये स्कॅन रेटचं वर्गमूळ येतं. हे रँडल्स आणि शेवचिक यांनी १९४८ मध्ये, वेगवेगळं काम करून दाखवलं, आणि सूत्र त्यांच्याच नावाने आहे:

```
ip = 2.69×10^5 · n^(3/2) · A · D^(1/2) · C · v^(1/2)
```

यात ip म्हणजे पीक करंट ॲम्पियरमध्ये, n इलेक्ट्रॉनची संख्या, A क्षेत्रफळ चौरस सेंटीमीटरमध्ये, D डिफ्युजन कोइफिशंट चौरस सेंटीमीटर प्रति सेकंदमध्ये, C कॉन्सन्ट्रेशन मोल प्रति घन सेंटीमीटरमध्ये, v स्कॅन रेट व्होल्ट प्रति सेकंदमध्ये. युनिट्समध्येच सगळे अडकतात, १ मिलिमोलर म्हणजे इथे १०⁻⁶. स्कॅन रेटचं वर्गमूळ आडव्या अक्षावर आणि पीक करंट उभ्यावर ठेवला, सरळ रेष आली, जवळजवळ शून्यातून जाणारी, उतार ५० मायक्रोॲम्पियर प्रति वर्गमूळ व्होल्ट प्रति सेकंद. फेरीसायनाईडचा डिफ्युजन कोइफिशंट ७.६ × १०⁻⁶ घेऊन क्षेत्रफळ काढलं तर ०.०६७ चौरस सेंटीमीटर. टिकलीचं पट्टीने मोजून येतं ०.०७१. म्हणजे जवळपास सगळी टिकली काम करतेय. हीच रेष जर वर्गमुळाऐवजी थेट स्कॅन रेटशी सरळ आली असती तर समजायचं की रेणू सोल्युशनमधून येत नाहीये, इलेक्ट्रोडला चिकटून बसलाय. तिथे डिफ्युजनची वाट बघायचीच नसते ना.

आणि दोन पीकमधला फरक: १० ला ६४, १०० ला ७२, २०० ला ७७. थोडासा वाढतोच. म्हणजे पूर्ण रिव्हर्सिबल नाही, क्वासी-रिव्हर्सिबल, इलेक्ट्रॉन वेगवान आहे पण अमर्याद वेगवान नाही. निकल्सनने १९६५ मध्ये या फरकावरून इलेक्ट्रॉन ट्रान्सफरचा रेट कॉन्स्टंट काढायची पद्धत दिलीय, त्याच्या तक्त्यावरून माझ्या स्वच्छ इलेक्ट्रोडचा साधारण ०.०१९ सेंटीमीटर प्रति सेकंद येतो. पहिल्या दिवशीच्या २१० वरून काढला तर ०.००१. तोच रेणू, तेच सोल्युशन, वीसपट फरक, फक्त टिकलीवर काय होतं त्याने! म्हणून फेरीसायनाईडच्या रेट कॉन्स्टंटचा एकच आकडा कुठे वाचला की मी आधी बघते इलेक्ट्रोड कसा तयार केला होता. पृष्ठभागाला हा रेणू फार संवेदनशील आहे. इलेक्ट्रोड स्वच्छ आहे का हे तपासायला म्हणूनच तो उत्तम, पण फिल्म लावलेल्या इलेक्ट्रोडचं क्षेत्रफळ याच्याने काढायचं असेल तर जपून, तिथे हेक्साअमाइन रुथेनियम घेतलेलं बरं, तो पृष्ठभागाची एवढी पर्वा करत नाही.

सरांनी सही केली, मी माझ्या सॅम्पलकडे वळले, आणि सवय म्हणून रोज सकाळी आधी एक फेरीसायनाईडचा रन घ्यायला लागले. साधारण दोन आठवड्यांनी एका सकाळी फरक ७१, आकार सुंदर, करंट १६, सगळं ठीक, पण सरासरी ०.२०३. पंचवीस मिलीव्होल्ट खाली. पहिल्या दिवशी उलटं होतं, तेव्हा सरासरी जागेवर होती आणि अंतर बिघडलेलं. आता अंतर जागेवर आणि दोन्ही पीक हातात हात घालून सरकलेले. म्हणजे यावेळी वर्किंगला दोष देण्यात अर्थ नव्हता, फूटपट्टीच हलली होती.

दुसरा रेफरन्स कपाटातून काढला, दोघांची टोकं एकाच बीकरमधल्या केसीएलमध्ये बुडवली, आणि साध्या मल्टिमीटरने दोघांमधला फरक बघितला. दोन्ही चांगले असतील तर दोन-चार मिलीव्होल्टच्या आत यायला हवा. आला २४. रात्री कुणीतरी आमचा रेफरन्स भरून ठेवला होता, पण ३ मोलरच्या बाटलीऐवजी शेजारच्या १ मोलर केसीएलने. सिल्व्हर क्लोराईडच्या इलेक्ट्रोडचं पोटेन्शियल आतल्या क्लोराईडवर अवलंबून असतं, ३ मोलरला हायड्रोजन इलेक्ट्रोडच्या तुलनेत सुमारे ०.२१० व्होल्ट, १ मोलरला सुमारे ०.२३५. रेफरन्स पंचवीसने वर गेला की त्याच्या तुलनेत मोजलेलं बाकी सगळं पंचवीसने खाली दिसतं. फेरीसायनाईडचा रन घेतला नसता तर माझ्या सॅम्पलचे त्या दिवसाचे सगळे पीक मी पंचवीस मिलीव्होल्ट चुकीचे लिहिले असते, आणि आकार एवढा छान होता की संशयही आला नसता.

आतलं सोल्युशन काढलं, ३ मोलरने दोन-तीनदा धुऊन परत भरलं, बोटाने टिचक्या मारून फ्रिटजवळ अडकलेला बुडबुडा वर काढला (तो राहिला तर रेफरन्सचा संपर्क तुटतो आणि मशीन ओव्हरलोड दाखवायला लागतं), टोक तासभर ३ मोलर केसीएलमध्ये बुडवून ठेवलं. दुपारी रन घेतला, ०.२२७. दोन्ही बाटल्या आता वेगळ्या कपाटात आहेत, आणि रेफरन्सच्या मानेला मी पांढरी टेप गुंडाळून मार्करने लिहून ठेवलंय: फक्त ३ मोलर.